चौदा पूर्ण की चौदावे चालू? वयोगट स्पर्धांच्या छाननी समित्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे जिल्ह्यातील वयोगट मैदानी स्पर्धांच्या आयोजन समित्या आणि प्रवेशिकांची छाननी करणारे सर्व सहकारी यांस,

विषय : जन्मतारीख व कटऑफ तारीख यांवरून पात्रता ठरवण्याची पद्धत

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातील एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. दरवर्षी माझ्या हातून काही डझन प्रवेशिका भरल्या जातात आणि अधूनमधून छाननीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही मला बसावे लागते, त्यामुळे त्या टेबलावरची घाई, उन्हात उभे असलेले पालक आणि ऐनवेळी बंद पडणारा प्रिंटर हे सगळे मी दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. हे पत्र कोणाला दोषी ठरवण्यासाठी नाही. गेल्या नोव्हेंबरात एका स्पर्धेत जे घडले त्याचे कारण मी नंतर शांतपणे शोधले, आणि ते कारण एका समितीपुरते मर्यादित नाही असे दिसल्यामुळे ते जाहीरपणे मांडत आहे.

माझी एक विद्यार्थिनी सणस मैदानावर सकाळी सरावाला जाते. तिची जन्मतारीख १ जानेवारी २०१२. स्पर्धा २०२५ ची, गट १४ वर्षांखालील मुलींचा, कटऑफ तारीख ३१ डिसेंबर २०२५ आणि प्रकार ६०० मीटर धावणे. टेबलावरच्या स्वयंसेवकाने तिचा क्रमांक टाकला, लॅपटॉपच्या पडद्यावर तिच्या नावासमोरचा चौकोन लाल झाला आणि त्यात १४ हा आकडा उमटला. "सर, शीट चौदा दाखवतेय, गट बदलावा लागेल," असे तो म्हणाला. तिचे वडील महानगरपालिकेचा जन्मदाखला पुढे करून सांगत होते की मुलीचा चौदावा वाढदिवस अजून व्हायचा आहे, तो पुढच्या वर्षीच्या पहिल्या तारखेला आहे, म्हणजे ३१ डिसेंबरला ती तेराच वर्षांची असणार. स्वयंसेवकाला ते पटत होते, पण शीट मान्य करीत नव्हती, आणि रांगेत मागे अजून तीन शाळा उभ्या होत्या.

प्रथम शीटचे पाहू. मी मागितल्यावर आयोजकांनी ती मोकळेपणाने दाखवली, त्याबद्दल त्यांचे आभार मानतो. वयाच्या रकान्यात असे सूत्र होते :

```
=INT((DATE(2025,12,31)-C2)/365)
```

म्हणजे कटऑफ तारखेतून जन्मतारीख वजा करायची, आलेल्या दिवसांना ३६५ ने भागायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. वरवर पाहता यात काही खोट दिसत नाही. पण १ जानेवारी २०१२ पासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचे अंतर ५,११३ दिवसांचे आहे, कारण मध्ये २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ अशी चार लीप वर्षे येतात आणि प्रत्येक वर्ष एक दिवस जास्तीचा देते. ५,११३ ला ३६५ ने भागले की १४.००८ येतात. लीप वर्षांचे हे चार दिवस सूत्राने चौदा वर्षांच्या वर आलेले जादा आयुष्य म्हणून धरले आणि तेरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलीला चौदा पूर्ण करून टाकले.

ही चूक इतकी वर्षे कोणाच्या लक्षात का आली नाही, याचे उत्तरही त्याच चार दिवसांत आहे. २०२५ च्या या गटात हे सूत्र फक्त १, २, ३ आणि ४ जानेवारी २०१२ ला जन्मलेल्या मुलांना चुकीने बाद करते. ५ जानेवारीला जन्मलेल्या मुलापासून पुढे सगळ्यांचे उत्तर बरोबर येते. त्यामुळे कोणी पाच-पन्नास नावे हाताने पडताळून पाहिली तरी सगळे ठीकच दिसते, आणि वर्षातून एखाद-दुसरे मूल त्या फटीत सापडले तर त्याच्या कागदपत्रातच काही घोळ असेल असे वाटून प्रकरण संपते. १९ वर्षांखालील गटात मध्ये पाच लीप वर्षे येतात, म्हणून तिथे ही फट पाच दिवसांची होते.

यावर कोणीतरी हमखास सुचवते की ३६५ ऐवजी ३६५.२५ ने भागावे. आमच्याच शिक्षकांच्या बैठकीत हा उपाय सुचवला गेला, आणि त्या दिवशी २०२५ च्या चौदा वर्षांखालील गटावर तो चालवून पाहिला तर उत्तरे अचूक आली, म्हणून सगळे निश्चिंत झाले. मी घरी जाऊन तेच सूत्र १७ वर्षांखालील गटावर चालवले. ३१ डिसेंबर २००८ ला जन्मलेला मुलगा ३१ डिसेंबर २०२५ ला सतरा वर्षांचा होतो, त्या दिवशी त्याच्या घरी केक कापला जातो, याबद्दल कोणाचे दुमत नसावे. पण त्याचे दिवस भरतात ६,२०९, आणि त्यांना ३६५.२५ ने भागले की १६.९९९ येतात. शीट त्याला सोळाचा ठरवून सतरा वर्षांखालील गटात सोडून देते. पहिले सूत्र पात्र मुलाला बाहेर ठेवत होते, तर हे दुसरे अपात्र मुलाला आत घेते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाव दिवस ही सरासरी आहे आणि कोणाचेही आयुष्य सरासरीने जात नाही. कोणत्याही चौदा वर्षांत लीप दिवस तीन येतात किंवा चार येतात, पण ३६५.२५ चा हिशेब त्यांना साडेतीन धरतो. चार आले तर सूत्र सुदैवाने बरोबर उत्तर देते, आणि तीनच आले तर वाढदिवसाच्या दिवशी ते अर्ध्या दिवसाने कमी पडते. म्हणूनच २०२५ ला चौदाच्या गटात बिनचूक चाललेली ती शीट २०२६ ला त्याच गटात चुकते : ३१ डिसेंबर २०१२ ला जन्मलेले मूल ३१ डिसेंबर २०२६ ला चौदा पूर्ण करते, मध्ये तीनच लीप दिवस असल्यामुळे दिवस भरतात ५,११३, आणि सूत्र सांगते १३.९९९. मागच्या वर्षी पडताळलेली शीट यंदा तारीख बदलून वापरणाऱ्यांनी एवढे एकच उदाहरण स्वतः करून पाहावे.

मूळ घोटाळा असा की वय ही दिवसांना भागून मिळणारी संख्या नव्हेच. आपण वाढदिवस मोजतो. किती वाढदिवस झाले, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर पाटीवर काढायचे झाले तर कटऑफच्या वर्षातून जन्माचे वर्ष वजा करायचे आणि त्या वर्षीचा वाढदिवस कटऑफ तारखेपर्यंत आलेला नसेल तर एक कमी करायचा. आपल्या घरांत हा हिशेब रोज अचूक बोलला जातो. "तिला चौदावं लागलंय" म्हणजे तेरा पूर्ण झाली आणि चौदावे वर्ष चालू आहे, "चौदावं सरलं" म्हणजे चौदा पूर्ण झाली. चौदा वर्षांखालील गट म्हणजे कटऑफच्या दिवशी ज्यांचे चौदावे वर्ष फार तर चालू आहे, पण सरलेले नाही, अशी मुले. माहितीपत्रकात मात्र आपण कधी "१४ वर्षांखालील", कधी "१४ वर्षांपर्यंत", तर कधी "वय १४ पेक्षा जास्त नसावे" असे लिहितो आणि तिन्हींचा अर्थ एकच आहे असे समजतो. शेवटच्या वाक्याचा आधार घेऊन चौदा पूर्ण झालेला मुलगा उद्या भांडायला उभा राहिला, तर शब्द त्याच्या बाजूने आहेत.

आता त्या दिवशीच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शीटचे सूत्र चुकीचे आहे हे मी बोटांवर मोजून दाखवल्यावर टेबलावरील एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सूत्र राहू द्या हो. एक तारखेचा जन्म म्हणजे आदल्या दिवशीच वर्ष पूर्ण होते. सरकारी नोकरीत एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो की नाही? मग ही मुलगी ३१ डिसेंबरलाच चौदा पूर्ण करते." त्यांचे बोलणे मला क्षणभर निरुत्तर करून गेले, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे मुळीच नव्हते. शासकीय सेवेतील तो नियम खरा आहे, आणि गमतीचा भाग असा की महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना अंदाजे १ जून ही जन्मतारीख लावलेल्या पिढ्यांमुळे ३१ मे रोजी निरोपसमारंभांची जी झुंबड उडते, तीही याच नियमाची करामत आहे.

या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाचाही आधार आहे. प्रभू दयाल सेस्मा विरुद्ध राजस्थान राज्य या १९८६ च्या निकालातील उमेदवाराचा जन्म २ जानेवारी १९५६ चा होता, आणि राज्यसेवा भरतीच्या नियमानुसार १ जानेवारी १९८४ रोजी त्याने वयाची २८ वर्षे गाठलेली नसावीत अशी अट होती. सर्वसामान्य माणूस म्हणेल की त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी आहे, तेव्हा तो पात्र आहे. न्यायालयाने मात्र जन्माचा दिवस हा पूर्ण दिवस म्हणून मोजला आणि असे धरले की वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मध्यरात्री वर्ष पूर्ण होते, म्हणजे १ जानेवारीला त्याने २८ गाठली होती. तो अपात्र ठरला. दुसरीकडे भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ मध्येही जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरावा असेच म्हटले आहे, परंतु त्याच वाक्यात पुढे माणूस सज्ञान होतो तो अठराव्या वाढदिवसाच्या प्रारंभी, असे सांगितले आहे. दोन्हींत क्षण एकच आहे, मध्यरात्रीचा. तो क्षण मावळत्या तारखेच्या खात्यावर घालायचा की उगवत्या, एवढाच फरक आहे, आणि कटऑफ नेमकी त्याच रात्री असेल तर या फरकावर एका मुलीचे अख्खे वर्ष टांगलेले असते.

माझे म्हणणे असे नाही की क्रीडास्पर्धेच्या छाननीत बसून आपण या कायदेशीर प्रश्नाचा निकाल लावावा. उलट, तो प्रश्नच उद्भवणार नाही अशा रीतीने नियम लिहिणे आपल्या हातात आहे. माहितीपत्रकात वय न लिहिता जन्मतारीख लिहावी. "१४ वर्षांखालील गट : १ जानेवारी २०१२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू" हे एक वाक्य पुरेसे आहे. त्यात वय मोजावे लागत नाही, लीप वर्ष आड येत नाही, जन्माचा दिवस धरायचा की सोडायचा हा वाद राहत नाही, आणि टेबलावरचा स्वयंसेवक नववीतला असला तरी दाखल्यावरची तारीख पाहून क्षणात सांगू शकतो. शालेय स्पर्धांच्या परिपत्रकांतून आणि अनेक खेळांच्या राष्ट्रीय संघटनांच्या नियमांतून ही भाषा आपण वाचलेलीच असते. ती आपल्या स्थानिक पत्रकात उतरवताना कोणीतरी "म्हणजे ३१ डिसेंबरला १४ च्या आत" असा सोपा अर्थ लावतो, आणि पुढे कोणीतरी त्याचेही "१ जानेवारीला १४ च्या आत" करून टाकतो. ही दोन वाक्ये एकसारखी नाहीत. दुसऱ्या वाक्यानुसार १ जानेवारी २०१२ चे मूल वाढदिवसाच्या साध्या हिशेबानेही बाहेर जाते, कारण त्या दिवशी ते खरोखरच चौदा पूर्ण करते.

वर्षअखेरीच्या कटऑफचा आणखी एक फायदा असा की तिथे जन्माचे वर्ष पाहिले तरी काम भागते. जागतिक ॲथलेटिक्सच्या १८ आणि २० वर्षांखालील गटांतही वय ३१ डिसेंबरलाच मोजले जाते. क्रिकेटमध्ये मात्र १ सप्टेंबर ही तारीख रूढ आहे, आणि तिथे दिवस-महिन्याची अदलाबदल थेट पात्रतेवर येऊन आदळते. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ०३/०९ हे त्याला ९ मार्च वाटते, आपल्याला ३ सप्टेंबर. ज्या शाळा दोन्ही खेळांची नावे एकाच शीटवरून पाठवतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शीट वापरायचीच असेल, आणि ती वापरावीच लागते हे मला मान्य आहे, तर सूत्र असे असावे :

```
=IF(ISNUMBER(C2),IF(C2>=DATE(2012,1,1),"पात्र","अपात्र"),"तारीख तपासा")
```

यातला ISNUMBER हा भाग कोणी अनावश्यक समजून काढू नये. शाळांकडून आलेल्या याद्यांत काही तारखा तारीख म्हणून न उतरता मजकूर म्हणून उतरतात. २५/०४/२००९ अशी नोंद अमेरिकी मांडणीच्या संगणकाला पंचविसावा महिना न सापडल्यामुळे नुसती अक्षरे म्हणून राहते. आणि एक्सेलचा नियम असा आहे की तुलनेत कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा धरला जातो. परिणामी २००९ चा तो मुलगा २०१२ च्या "नंतर" जन्मलेला ठरतो आणि चौदाच्या गटात हिरवा चौकोन घेऊन उभा राहतो. तारीख उजवीकडे टेकली आहे की डावीकडे, हे पाहूनही ओळखता येते : रकान्याची मांडणी कोणी बदललेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. पण शंभर ओळींत डोळे फसतात, म्हणून ते काम सूत्राकडे द्यावे. ज्यांना वयाचा आकडा छापायचाच आहे त्यांनी भागाकार न करता हे वापरावे :

```
=DATEDIF(C2,DATE(2025,12,31),"Y")
```

हे झालेले वाढदिवसच मोजते आणि १ जानेवारी २०१२ साठी १३ देते. निर्णय मात्र वरच्या सूत्रावर घ्यावा. कोणतीही शीट वापरात आणण्यापूर्वी तिच्यात प्रत्येक गटासाठी दोन तारखा टाकून पाहाव्यात, सीमेवरची आणि तिच्या आदल्या दिवसाची. २०२५ च्या चौदाच्या गटासाठी १ जानेवारी २०१२ पात्र आणि ३१ डिसेंबर २०११ अपात्र आली पाहिजे. मधल्या तारखा तपासून काही कळत नाही, हे वर दिसलेच आहे.

सीमेवरच्या तारखांबद्दल एक गोष्ट अजून सांगितली पाहिजे, कारण ज्येष्ठ सहकाऱ्यांची नापसंती केवळ कायद्यातून आलेली नव्हती. कटऑफला लागूनच असलेली जन्मतारीख पाहिली की छाननी करणाऱ्याला शंका येते, आणि वय लपवण्याचे प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे त्या शंकेला जागा आहे. तरीही वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले वयोगट संघांत मुळातच जास्त दिसतात. कॅनडातील कुमार आइस हॉकीच्या संघांत असेच आढळल्याचे १९८५ मधील अभ्यासात नोंदले गेले होते, आणि तिथेही कटऑफ वर्षाच्या सुरुवातीचीच होती. गटात सर्वांत मोठी असल्यामुळे ती मुले उंच, बळकट असतात आणि निवडली जातात. यात लबाडी नाही. शंका फेडायची असेल तर दाखल्यावरील जन्मतारखेबरोबर नोंदणीची तारीखही पाहावी. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि वर्ष उलटल्यानंतरची नोंद सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. जन्म २०१२ चा आणि नोंदणी २०२३ ची असेल तर जरूर विचारा. माझ्या विद्यार्थिनीच्या दाखल्यावर नोंदणी जानेवारी २०१२ चीच होती, परंतु त्या रकान्याकडे कोणी पाहिले नाही. आधार कार्डावरून वाद मिटवू नये, कारण जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते ग्राह्य नाही. मनगटाच्या एक्स-रेवरून काढलेले हाडांचे वयही इथे कामाचे नाही, कारण त्या चाचणीचा अंदाज महिन्यांच्या फरकाने पुढे-मागे होतो आणि आपला प्रश्न एका दिवसाचा असतो.

त्या दिवशी शेवटी काय झाले ते सांगतो. माझी विद्यार्थिनी सतरा वर्षांखालील गटात धावली, सोळा वर्षांच्या मुलींबरोबर, आणि तिसऱ्या वळणापर्यंत त्यांच्या सोबत राहून मागे पडली. चौदाच्या गटातले ते तिचे शेवटचे वर्ष होते. २०२६ मध्ये त्या गटाची सीमा १ जानेवारी २०१३ ला सरकते, त्यामुळे तिला नियमाने सतराच्याच गटात जायचे आहे आणि ती नाराज नाही. तिचे वडील मात्र मला अजूनही विचारतात की मुलगी एक दिवस आधी जन्मली असती तर जे झाले असते तेच झाले, मग एक दिवस उशिरा जन्मून काय मिळाले.

समित्यांना माझी विनंती दोनच बाबींची आहे. या हंगामाच्या पत्रकांत प्रत्येक गटासमोर वयाऐवजी जन्मतारखेची सीमा छापावी, आणि एखाद्या खेळाडूला अपात्र ठरवताना "शीट दाखवते" असे न सांगता त्याची जन्मतारीख व छापलेली सीमा या दोन तारखा अपात्रतेच्या नोंदीत शेजारी शेजारी लिहून पालकाला द्याव्यात. ज्यांना आपली शीट तपासून हवी असेल त्यांनी नावे काढून टाकून नुसता तारखांचा रकाना माझ्याकडे पाठवला तरी चालेल. मी सीमेवरच्या तारखा टाकून, कोणत्या ओळी चुकतात ते कळवीन.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, पुणे